टेकआउटमध्ये चॅट बॅकअप का सापडत नाही

“गूगल टेकआउटची अख्खी झिप उतरवली, पण व्हॉट्सॲपचा बॅकअप त्यात कुठेच नाही.”

टेकआउट ड्राइव्हमधल्या आपल्याला दिसणाऱ्या फायली देते. हा बॅकअप मात्र ॲपसाठी राखलेल्या, लपलेल्या जागेत असतो आणि ड्राइव्हच्या बॅकअप-यादीत त्याची नुसती नोंद दिसते. त्याऐवजी फोनमधल्या व्हॉट्सॲपच्या Databases फोल्डरमधली msgstore.db.crypt15 ही बॅकअप फाइल संगणकावर घेतली, तरी ती उघडणार नाही, कारण आतला एसक्यूलाइट डेटाबेस कूटबद्ध असतो आणि किल्ली फाइलसोबत येत नाही. एंड-टू-एंड कूटबद्ध बॅकअप सुरू करताना पासवर्डऐवजी ६४ अंकी किल्ली निवडून ती लिहून ठेवली असेल, तर ती फाइल संगणकावर उलगडता येते. अन्यथा ‘एक्स्पोर्ट चॅट’ने मिळणारी .txt फाइल हीच वाचनीय प्रत, आणि तीही एका वेळी एकाच संभाषणाची.