‘एक पेशंट आणा, पाचशे वाचवा’ हे दातांच्या दवाखान्यात चालावं का?

नवी_खुर्ची: सांगलीत माझा दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे, सहा वर्षं झाली. मार्केटिंगवाल्याने कार्डाची योजना दिली आहे. जुन्या पेशंटने नवा पाठवला की दोघांनाही पाचशे रुपये सूट, आणि तीन पाठवले की क्लीनिंग फुकट. पेशंट वाढायला हवेत, पण दवाखान्याचं नाव हलकं व्हायला नको. कार्ड कसं आखावं?

मिरजकर: डॉक्टर, कार्डाचा कागद जाड घेतला आणि त्यावर सोनेरी अक्षरं छापली, तरी वाचणाऱ्याला दिसतं एकच: इथे माणूस पाठवला की पैसे मिळतात. बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, म्हणून राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

आधी नियमाचं. डेंटल कौन्सिलची २०१४ ची आचारसंहिता काढून वाचा. पेशंट पाठवल्याच्या बदल्यात भेट, कमिशन, बक्षीस द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. हे फक्त डॉक्टर-डॉक्टरांमधल्या ‘कट’बद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याच्या कमिशनबद्दल आहे असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. माझ्या वाचनात तसा अर्थ निघत नाही. घेणारा डॉक्टर असो नाहीतर शेजारच्या काकू, देणारे तुम्ही आहात.

आता हिशेब. समजा रूट कॅनाल आणि कॅप मिळून ७००० घेता. लॅबचं बिल १२००, कॅनाल साफ करायच्या फाइल्स, इंजेक्शन, मटेरियल ८००, भाडं-पगार-विजेचा वाटा २००० धरा. हातात उरले ३०००. दोघांचे मिळून १००० गेले, ते सात हजारांतून गेले नाहीत, या तीन हजारांतून गेले. तिसरा हिस्सा. आणि ज्या बाई आपल्या मुलाला आणणारच होत्या, त्यांनाही तुम्ही हे देणार.

पण माझा खरा विरोध पैशांमुळे नाही. सुरुवातीला मी स्वतः कुपनं वाटली होती. एकजण कुपन घेऊन आला, दाढ ठणकत होती. रूट कॅनाल केलं, ठणका थांबला, कॅपला आलाच नाही. दाढ आतून पोकळ झालेली, वर कॅप नाही, त्यात हा सुपारी खाणारा. सात-आठ महिन्यांत उभी चिरली, काढावी लागली. तो गावभर काय सांगत फिरला? ‘त्यांच्याकडे केलेली दाढ फुटली.’ कुपनवाल्यांपैकी अर्धवट सोडून गेलेले मी नंतर केसपेपर काढून मोजले. ओळखीच्या सांगण्यावरून आलेल्यांपेक्षा ते कितीतरी जास्त होते. जो सूट बघून येतो तो दुखणं थांबलं की उरलेल्या खर्चातही सूट शोधतो. नाव हलकं होतं ते असं.

मग करायचं काय? केसपेपरवर एक ओळ घाला: ‘कुणाच्या सांगण्यावरून आलात?’ खुणा करायचे चौकोन नकोत, नाव लिहून घ्या. आणि सांगायची वेळ निवडा. काउंटरवर पैसे मोजताना कधीच नाही. दाढ काढल्यावर किंवा रूट कॅनालनंतर दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करता ना, तेव्हा पेशंट आपणहून म्हणतो, ‘रात्री शांत झोप लागली.’ त्याच वेळी एवढंच बोला: ‘घरात कुणाची दाढ कुरकुरत असेल तर ठणकायच्या आधी दाखवून जा म्हणावं.’ माझा रेफरल प्रोग्राम तो एवढाच.

हिशेबी: मी डॉक्टर नाही. दोन-चार दवाखान्यांच्या प्रसिद्धीचं काम बघतो. मिरजकर सर, बावीस वर्षांनी हे बोलणं सोपं आहे. नव्या माणसाच्या डोक्यावर खुर्चीचा हप्ता, एक्स-रे सेन्सरचा हप्ता, आणि त्याच रस्त्यावर आणखी सहा पाट्या असतात. नुसत्या फोनवर त्याने किती वर्षं काढायची? शिवाय सूट म्हणजे कमिशन नव्हे. कुणाच्या खिशात रोख जात नाही, त्याच पेशंटचं बिल कमी होतं. आणि लोक आपणहून सांगत नाहीत, त्यांना कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. हे तुम्हीच वर लिहिलंय.

मिरजकर: आठवण करून द्यावी लागते, हे मान्य. बाकी नाही. पाचशे खिशात घातले काय आणि बिलातून कापले काय, ते पेशंट पाठवल्याबद्दलच आहेत.

हिशेबी: हा तुमचा अर्थ झाला. कौन्सिलने असा खुलासा केलेला मला तरी कुणी दाखवलेला नाही.

पुणेरी_दाढ: रेफरल म्हणजे स्पेशालिस्टकडे पाठवणं ना? माझी अक्कलदाढ आडवी होती. आमच्या डॉक्टरांनी ठरावीक सर्जनकडेच जा म्हणून सांगितलं. त्यात कट असतो का? २०१७ मध्ये महाराष्ट्रात कटविरोधी कायद्याचा मसुदा आला होता, त्याचं पुढे काय झालं?

मिरजकर: इथला विषय पेशंटने पेशंट पाठवण्याचा आहे. तरी सांगतो, तो मसुदा कायदा झाला नाही. ठरावीक सर्जनकडे पाठवणं म्हणजे कट असं नाही. अक्कलदाढेच्या मुळाजवळून नस जात असेल तर ज्याचा हात माहीत आहे त्याच्याकडेच मीही पाठवतो.

शोभा_कुलकर्णी_नाही: मी पेशंट म्हणून लिहिते. आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी एक दवाखाना सुचवला, अगदी आग्रहाने. मी गेले, तीन कॅप बसल्या. पुढे वर्षभराने बोलता बोलता कळलं की मी गेले म्हणून वहिनींच्या बिलात सूट पडली होती. कॅप चांगल्या आहेत, आजही खाते त्यांनी. पण त्या दिवसापासून मनात बसलंय की तिसरी कॅप खरंच लागणार होती का? वहिनींना विचारता येत नाही, डॉक्टरांना विचारता येत नाही. आता त्यांनी डाळीचा ब्रँड सुचवला तरी मी दोनदा विचार करते. डॉक्टर, तुमच्या पाचशे रुपयांत हे नुकसान कुठे धरलंय?

आणि खरं सांगू? नाव हलकं होण्याची एवढी काळजी आहे तर फोनवर दर सांगा. ‘रूट कॅनाल कितीला’ विचारलं की पलीकडून एकच उत्तर, ‘येऊन दाखवा.’ लपवण्यासारखं काय आहे?

नवी_खुर्ची: ताई, न बघता सांगणार कसं? पुढच्या दाताला एक मूळ, दाढेला तीन-चार कॅनाल. कॅप धातूची की झिर्कोनियाची यावर दुप्पट फरक पडतो.

शोभा_कुलकर्णी_नाही: मग तेच सांगा ना फोनवर! आत्ता दोन ओळींत सांगितलंत, ते तुमच्या काउंटरवरची मुलगी का सांगू शकत नाही? आम्ही महिन्याचं गणित करून घराबाहेर पडतो. खुर्चीत आडवं झाल्यावर, तोंड उघडं असताना आकडा ऐकायचा आणि मान हलवायची, हे बरोबर आहे का?

मिरजकर: ताई, फोनवर आकडा दिला की लोक सहा ठिकाणी फोन करतात आणि सर्वांत कमी आकड्याकडे जातात. मग तिथे फाइल्स किती वेळा वापरल्या, निर्जंतुक केल्या का, हे कुणी विचारत नाही. दात म्हणजे भाजी नव्हे.

शोभा_कुलकर्णी_नाही: भाजी कुणीच म्हटलं नाही. आम्ही अडाणी आहोत असं धरूनच तुम्ही बोलताय, आणि त्याचाच राग येतो. एका जागी आकडा लपवायचा आणि दुसरीकडे सवलतीची कार्डं छापायची, यातलं काय प्रतिष्ठेचं?

काउंटरवरून: मी अकरा वर्षं डेंटल दवाखान्यात रिसेप्शनला आहे. दोन्ही गोष्टींवर बोलते.

दर मी फोनवर सांगते. ‘दाढेचं रूट कॅनाल साधारण इतक्यापासून इतक्यापर्यंत, कॅप वेगळी, नक्की आकडा एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील आणि काम सुरू करायच्या आधी लिहून देतील.’ हे डॉक्टरांनीच मला शिकवलं. फोन करणारे सगळे येत नाहीत. पण जे येतात ते खुर्चीतून उठून जात नाहीत, आणि बिलावरून काउंटरवर आवाज चढत नाही.

आता आभाराबद्दल. कार्ड नसलं तरी घोळ होतो, तो माझ्या हातून झालाय. एका बाईंनी त्यांच्या जाऊबाईंना आमच्याकडे पाठवलं होतं. मी उत्साहाने मेसेज टाकला, ‘तुमच्या जाऊबाई आल्या होत्या, विश्वासाबद्दल आभार.’ जाऊबाई आल्या होत्या कवळीसाठी. घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्या एकट्याच दुपारी आल्या होत्या. संध्याकाळी घरात विषय निघाला, ‘दात कशाला दाखवलेस?’ दुसऱ्या दिवशी त्या काउंटरसमोर उभ्या राहून माझ्याशी एवढंच बोलल्या, ‘तुम्हाला सांगायला कुणी सांगितलं होतं?’ पुन्हा आल्या नाहीत. मापं घेऊन झाली होती, कवळी लॅबमधून आली, तशीच कपाटात राहिली.

तेव्हापासून नव्या पेशंटला विचारते, ‘ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांना तुम्ही आल्याचं कळवलं तर चालेल ना?’ हो म्हटलं तरच केसपेपरच्या कोपऱ्यात खूण. खूण असेल तर डॉक्टर पुढच्या भेटीत तोंडी आभार मानतात, आणि काय काम झालं ते चुकूनही काढत नाहीत. खूण नसेल तर गप्प.

मिरजकर: हे माझ्याकडून सुटलं होतं. मी आजवर थेट फोन करून आभार मानत आलोय. कुणाचं काय बिघडलं असेल ते मला कळलंही नसणार. उद्यापासून खूण.

दराबद्दल... ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ आणि आधी लेखी, एवढं असेल तर मी विरोध मागे घेतो. एक आकडा फोनवर द्यायला मात्र मी तयार नाही.

शोभा_कुलकर्णी_नाही: एक आकडा कुणी मागितलाच नव्हता. पण ठीक आहे.

हिशेबी: बरं, रोख सूट नको. दिवाळीला ब्रश-पेस्टचं छोटं किट दिलं तर?

मिरजकर: ज्यांनी पेशंट पाठवले त्यांनाच देणार असाल तर ते कार्डच झालं, फक्त पिशवीत घातलेलं. त्या आठवड्यात जो येईल त्या प्रत्येकाला दिलंत तर माझी हरकत नाही.

हिशेबी: मग त्याचा रेफरलला उपयोग काय?

मिरजकर: काहीच नाही. म्हणूनच हरकत नाही.

हिशेबी: इथे आपलं जमणार नाही, सर. हप्ता भरणाऱ्याला पुढच्या महिन्यात पेशंट लागतो, त्याला तुमचा दुसऱ्या दिवशीचा फोन पुरत नाही. यावर तुम्ही उत्तर दिलेलं नाही.

नवी_खुर्ची: कार्डाची छपाई थांबवली. कौन्सिलच्या नियमाचा नक्की अर्थ काय, यावर तुम्ही दोघं भांडा. मला शोभाताईंच्या वहिनी जास्त लागल्या.

काल दवाखाना बंद झाल्यावर आमच्या रिसेप्शनच्या मुलीबरोबर बसून तीन महिन्यांचे केसपेपर काढले. नवे पेशंट ६१. नाव लिहून घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून तिला आठवलं तेवढं आणि बाकीच्यांना पुढच्या सीटिंगच्या फोनमध्येच विचारून घेतलं. ३४ जणांना कुणीतरी सांगितलं होतं. हिशेबी, कार्ड नसताना. तुमचा हप्त्याचा मुद्दा खरा आहे, या महिन्याचा माझा हप्ताही ओढाताणीतच गेला. पण हे ३४ जण मी मोजलेच नव्हते आणि कार्ड छापायला निघालो होतो.

त्या ३४ पैकी नऊ जण एकाच गल्लीतले निघाले. सगळ्यांनी एकच नाव घेतलं: अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांचा केसपेपर काढला. खालची कवळी मीच केलेली. शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची, ‘सैल वाटते, पुढच्या भेटीत बघू’, माझ्याच अक्षरात. पुढची भेट आम्ही दिलीच नाही. नऊ माणसं पाठवली त्यांनी, आणि स्वतः सैल कवळीने जेवत असतील.

सकाळी फोन केला. आभाराचं काही बोललो नाही, त्या नऊ जणांना मी विचारलेलं नाही. मंगळवारी या, कवळी घट्ट करून देतो, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बुधवारी येते, मंगळवारी भजन असतं.’