पहिल्या फोटोखाली काय लिहिलंत?

"बाळ झाल्यावर पहिल्या फोटोखाली बाबांनी काय लिहिलंत?"

काल पहाटे मुलगी झाली. आज लिहिलं ते हे:

१४ तास कळा. मी फक्त हिची कंबर चोळत होतो. बाळ बाहेर आल्यावर नाळेची धडधड थांबेपर्यंत डॉक्टर दोन-तीन मिनिटं थांबल्या, मग कात्री माझ्या हातात दिली. नाळ चांगलीच चिवट असते. लेकीला पुसून हिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं. रडणं थांबलं आणि थोड्या वेळाने ती स्वतःच तोंड फिरवत दूध शोधू लागली. पहिला चीक जेमतेम चमचाभर, पिवळाधमक. "एवढ्याशा पोटाला तेवढा पुरतो," सिस्टर म्हणाल्या.

हिच्या खालच्या ओठावर तिच्याच दातांचे वण आहेत. झोपली होती तेव्हा मी तिच्या पायांवर डोकं टेकवलं.