अनुभव धागा: राउटरचे पासवर्ड चिठ्ठीवरून पासवर्ड मॅनेजरमध्ये

राउटरला चिकटवलेली चिठ्ठी काढून पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्यांनी लिहा: नोंदी कशा करता आणि काय अडतं?

खटपट्या
एका राउटरच्या तीन नोंदी ठेवा: वाय-फाय, ॲडमिन आणि ब्रॉडबँडचं पीपीपीओई लॉगिन. नवा पासवर्ड आधी मॅनेजरमध्ये सेव्ह करायचा, मग राउटरमध्ये टाकायचा. राउटर सेव्ह होताच बाहेर काढतो. तोवर पासवर्ड फक्त क्लिपबोर्डवर असेल तर तो गेलाच. बदलल्यावर लगेच पुन्हा लॉगिन करून बघा. काही जुने राउटर लांब पासवर्ड न सांगता मधेच कापतात. नुकताच टाकलेला पासवर्ड चुकीचा म्हणाला, तर आधी हाच संशय घ्या.

माळरान
एवढं कशाला? विसरलं तर मागचं रिसेटचं बटण दाबायचं, खालच्या लेबलवरचा पासवर्ड परत चालू होतो.

खटपट्या
लेबलचा चालू होतो, हे खरं. पण पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं. मग वाय-फाय दिसतं, फोन जोडला जातो, पण नेट येत नाही. म्हणूनच तिसरी नोंद हवी. ते लॉगिन आजच कंपनीकडून मागून घ्या, राउटरच्या पानावर बहुधा नुसते ठिपकेच दिसतात.

वर्षा_ताई
पाहुण्यांना कसं देता? मी क्यूआर कोड छापून हॉलमध्ये लावलाय, त्यात पासवर्ड दिसत नाही.

नीलकंठ
ताई, तो कोड साध्या स्कॅनरने वाचला की असं दिसतं:

```
WIFI:T:WPA;S:Ghar;P:tumchapassword;;
```

म्हणजे तीही चिठ्ठीच झाली. गेस्ट नेटवर्क चालू करा आणि फक्त त्याचाच कोड लावा.

दर्यावर्दी
आमचं गावचं घर आणि इथलं घर, दोन्हीकडे पत्ता `192.168.1.1`. मॅनेजर दोन्ही नोंदी पुढे करतो. चुकीची निवडली आणि तीच पुन्हापुन्हा टाकली, तर राउटर काही मिनिटं लॉगिनच बंद करतो. नोंदीच्या नावात गाव आणि वाय-फायचं नाव घाला, आणि त्या पत्त्यासाठी आपोआप भरणं बंद ठेवा.

नीलकंठ
सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. राउटरचा पासवर्ड लागतो तो नेट बंद असताना. बिटवॉर्डनमध्ये वेळ संपल्यावर 'लॉग आउट' ऐवजी 'लॉक' ठेवा. लॉक असलेली तिजोरी नेटशिवाय उघडते. लॉग आउट झाला असाल तर आत जायलाच नेट लागतं. कीपासची फाइल फोनमध्येच असली की हा प्रश्न येत नाही, पण तिची दुसरी प्रत तुम्हालाच सांभाळावी लागते.

माळरान
आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? त्यांच्यासाठी कपाटात एक कागद हवाच.

खटपट्या
कपाटात चालेल, पण त्यावर फक्त वाय-फायचा. ॲडमिनचा नको.

दर्यावर्दी
मला हे पटत नाही. आपण गावाला नसताना राउटर बिघडला, तर दुरुस्तीला आलेल्या माणसाला ॲडमिनचाच लागतो.