मदत हवी आहे: बाबा फोननेच किड्यांचे फोटो काढतात, दीड हजारात काय भेट द्यावी?

सायली_क
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझ्या सासऱ्यांना पासष्ट पूर्ण होतात. बाबा संगमेश्वरला असतात. सकाळचा चहा झाला की फोन घेऊन परसात जातात आणि ऊन चढेपर्यंत तिथेच रमतात. जास्वंदीवरचे पिठ्या ढेकूण, आंब्यावरच्या ओंबील, ढालकिडे, पानामागे दडलेले कोळी, जे दिसेल त्याचा फोटो काढतात आणि घरच्या ग्रुपवर टाकतात. कुठला किडा ते ओळखायचाही त्यांना नाद आहे.

अडचण अशी की बऱ्याचदा किडा पुसट आणि मागचं पान लख्ख येतं. आणखी जवळ गेलं की सगळंच धूसर होतं. फोनला मॅक्रोचा म्हणून वेगळा 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, पण तो फोटो मोठा करून पाहिला तर पायांच्या जागी नुसते डाग दिसतात. त्यांचा हातही थोडा कापतो. नवीन फोन किंवा कॅमेरा त्यांना नकोच आहे, खिशात बसेल तेवढंच बरं म्हणतात. ऑनलाइन क्लिपच्या लेन्स पाहिल्या. 10x, 15x, 25x असं काय काय लिहिलेलं असतं. यातली कोणती घेऊ? की दुसरंच काही द्यावं?

टेक्नोसागर
ताई, डोळे झाकून 25x घ्या, जितका आकडा मोठा तितका किडा मोठा. सोबत छोटा ट्रायपॉड आणि ब्लूटूथचं बटण घ्या, म्हणजे हात कापण्याचा प्रश्नच मिटला. पैसे वाचवायचे असतील तर बिघडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमधली इवलीशी लेन्स काढून कॅमेऱ्यावर चिकटवा. मी केलंय, साडीचा धागान् धागा दिसतो.

अन्नपूर्णा_काकू
माझाही हाच त्रास आहे गं. संध्याकाळी देवापुढची रांगोळी काढून फोटो घेतला की पांढरी रांगोळी पिवळीच येते. लेन्स लावून रंग सुधारतो का?

रानवाटा
सायलीताई, लेन्स मागवायच्या आधी बाबांना एक गोष्ट करून बघायला सांगा. मॅक्रो मोड बंद करायचा, साध्या फोटो मोडमध्ये 2x करायचं, किड्यापासून साधारण 10-12 सेंटीमीटरवर फोन धरायचा आणि किड्यावर बोट टेकवायचं. 2 मेगापिक्सेलचा तो कॅमेरा नावालाच मॅक्रो असतो. त्याचा सेन्सर अगदी लहान आणि फोटो जेमतेम 1600 बाय 1200 ठिपक्यांचा. मुख्य कॅमेरा थोडा लांबून काढतो, पण त्यातून हवा तेवढा भाग कापून घेतला तरी तपशील जास्त उरतो. नेमका कुठला कॅमेरा चालू आहे ते ओळखायला मागच्या भिंगांवर एकेक करून बोट ठेवा. ज्याच्यावर ठेवल्यावर पडदा काळा होतो, तो चालू.

आता आकड्यांचं. या लेन्समध्ये x जितका जास्त, तितकं किड्याच्या जवळ जावं लागतं. खरी 10x लेन्स असेल तर किडा लेन्सपासून अडीच सेंटीमीटरवर हवा, 25x असेल तर एका सेंटीमीटरवर. पिठ्या ढेकूण आपल्या जागीच बसलेला असतो, त्याला चालेल. ओंबील मात्र एवढ्या जवळ थांबणार नाही, उलट फोनवर चढून बोटाला चावेल. शिवाय एका सेंटीमीटरवर फोनचीच सावली किड्यावर पडते आणि मग फोटो काळपट येतो. डीव्हीडीच्या लेन्सला तर जवळजवळ टेकावंच लागतं. सागर म्हणतात तसं साडीचा पोत, मीठ, पानाच्या शिरा यांना ती छान आहे, जिवंत किड्याला नाही.

टेक्नोसागर
मान्य. पण जास्त अंतरावरून काढायचं म्हणजे किडा लहानच येणार ना?

रानवाटा
येतो, पण वाटतो तितका नाही. सर्वसाधारण फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात, लेन्स किड्यापासून जितकी लांब, त्याहून जरा जास्त रुंदीचा भाग चौकटीत मावतो. म्हणजे 5 सेंटीमीटरवरून काढणारी लेन्स लावली की साधारण 6 सेंटीमीटरचा पट्टा दिसेल, 2x केलं की 3 सेंटीमीटरचा. ढालकिडा 6 मिलिमीटरचा धरला तर चौकटीचा पाचवा हिस्सा झाला. पाठीवरचे ठिपके मोजायला एवढा पुरतो. अडीच सेंटीमीटरच्या लेन्सने तोच किडा त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ निम्मी चौकट व्यापेल, पण तो उडून गेला नाही तर! म्हणून डब्यावरच्या x कडे बघू नका, किती अंतरावरून फोटो येतो हे लिहिलेली लेन्स शोधा आणि 4 ते 7 सेंटीमीटर अंतराची घ्या.

लिहिलेलं खरं असेलच असं नाही, त्यामुळे घरी आल्यावर तपासा. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ लेन्स धरून हळूहळू मागे आणा. एका ठिकाणी भिंतीवर खिडकीचं उलटं चित्र स्पष्ट उमटेल. तिथे लेन्स आणि भिंत यांच्यात पट्टी लावा. जे माप येईल, साधारण तेवढ्याच अंतरावर किडा ठेवावा लागेल. डब्यावर 5 सेंटीमीटर छापलंय आणि पट्टीवर 2 आलं, तर सरळ परत करा.

दत्ता_देवरूख
आमच्याकडचाच अनुभव सांगतो. ट्रायपॉड परसात निरुपयोगी. फोन स्थिर राहतो, पण पान हलतं त्याचं काय? वारा नाही असं वाटतं, तरी एवढ्या जवळून पानाची हालचाल भूकंप झाल्यासारखी दिसते. मी कपड्यांचा चिमटा काठीच्या टोकाला बांधलाय. काठी मातीत रोवायची, किड्यापासून वीतभर अलीकडे फांदी चिमट्यात धरायची आणि मगच फोन काढायचा. बाबांचा हात कापतो म्हणता, तर दुसरी काठी उभी धरून तिच्यासकट फोन पकडायला सांगा, मनगटाला आधार मिळतो. ट्रायपॉड अळंबीच्या फोटोला बरा, ती कुठे हलत नाही.

रानवाटा
चिमटा एकदम पटला. कापणाऱ्या हाताला अजून एक उपयोगी पडेल. एवढ्या जवळून जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरच खोली स्पष्ट येते, म्हणूनच फोन कधी किडा धरतो, कधी मागचं पान. किडा एकदा स्पष्ट दिसला की तिथेच बोट दाबून ठेवायचं, बहुतेक फोनमध्ये फोकसला कुलूप लागतं. मग पडद्याला हात न लावता श्वास सोडत पूर्ण अंगानेच किंचित पुढे-मागे झुलायचं आणि बटण दाबून धरून सलग फोटो घ्यायचे. सगळे पुसट आणि एखादाच लख्ख, असंच होतं आणि तो एक पुरे. किड्याला समोरून गाठण्यापेक्षा त्याच्या बाजूला फोन समांतर धरला तर डोळ्यापासून शेपटापर्यंत बराचसा भाग त्या पातळ पट्ट्यात येतो.

तुमच्या बजेटमधली सर्वांत चांगली भेट मला विचाराल तर ती भरतकामाची रिंग. 8 किंवा 10 इंचांची घ्यायची आणि कापडाच्या जागी बटर पेपर ताणून बसवायचा. ढालकिड्याची पाठ गुळगुळीत असते, थेट उन्हात तिच्यावर पांढरा चट्टा येतो आणि खालचा रंग दिसतच नाही. ही रिंग किडा आणि सूर्य यांच्या मध्ये, किड्याच्या वीतभर वर धरली की चट्टा पसरून मऊ होतो आणि ठिपके, केस, सगळं दिसायला लागतं. रिंग जितकी जवळ तितका प्रकाश मऊ, फक्त तिची सावली पडून किडा बिचकू नये एवढं बघायचं. खालच्या बाजूने पांढरा पुठ्ठा धरला तर पोटाकडचा अंधारही कमी होतो.

सायली_क
हे मनापासून आवडलं! रिंग मी स्वतः करून देईन. कालच नवऱ्याने फोनवरून बाबांना ते बोटाचं तंत्र सांगितलं. मॅक्रो बंद करून 2x ने काढलेल्या फोटोत ढालकिड्याचे ठिपके मोजता आले आणि बाबा भलतेच खूश आहेत. ग्रुपवर मात्र तोच फोटो धूसर दिसतो.

दत्ता_देवरूख
व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. एचडी निवडून पाठवा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा गेला की मूळ फाइल जाते. किडा ओळखून घ्यायचा असेल तर डॉक्युमेंटच.

अन्नपूर्णा_काकू
अगं, माझ्या रांगोळीचं राहिलंच की.

रानवाटा
काकू, तुमचा प्रश्न लेन्सचा नाही, दिव्याचा आहे. समई आणि पिवळा बल्ब यांच्या उजेडात पांढरं पिवळंच दिसणार. फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्सचा आकडा 3000 च्या आसपास आणून बघा, किंवा सकाळी दारातल्या उजेडात फोटो घ्या. दोन वेगळ्या रंगांचे दिवे एकत्र लावले असतील तर मात्र आकडा बदलून भागत नाही.

सायलीताई, जास्वंदीचं एक सांगायचं राहिलं. उन्हात तिच्या लाल पाकळ्यांवरच्या शिरा हरवतात, सगळं सपाट लाल दिसतं. बोट टेकवल्यावर बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढून उजेड कमी करायचा. फोटो जरा काळोखा वाटला तरी चालेल, नंतर उजळता येतो. एकदा जळालेला लाल परत येत नाही.

सायली_क
सांगते त्यांना. मग रिंग, चिमट्याची काठी आणि 5 सेंटीमीटरच्या आसपासची लेन्स, असं ठरवतेय. पण फोनला मागे तीन कॅमेरे अगदी चिकटून आहेत. क्लिप नीट बसेल का?

दत्ता_देवरूख
इथेच खरी गोम आहे. क्लिप मुख्य कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर बसायला हवी. जराशी सरकली की फोटोचा एक कोपरा काळा येतो, नाहीतर एका बाजूने सगळं ताणलेलं दिसतं. कव्हर काढूनच लावायला सांगा. माझ्या फोनवर बसते, भावाच्या फोनवर कॅमेऱ्याचा उंचवटा मोठा असल्याने घसरते. पावसाळ्यात लेन्स आणि सिलिका जेलची पुडी एकाच डबीत ठेवा, नाहीतर आपल्याकडे बुरशी धरते.

टेक्नोसागर
आणि काही फोन जवळ गेलं की आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, मग लेन्स एकीकडे आणि फोटो दुसरीकडूनच. सेटिंगमध्ये ते बंद करायची सोय प्रत्येक फोनला नसते. त्यांचं मॉडेल कुठलं?

सायली_क
मॉडेल आज रात्री विचारून लिहिते. मग त्याच फोनवर कोणी क्लिप लावून बघितली असेल तर सांगा, नाहीतर परत घेतील अशाच दुकानातून मागवेन.