मदत हवी आहे: निश्चयकाचे ऋण चिन्ह अवकाशात कसे दाखवावे?

नमस्कार. मी ठाण्यात बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. (1, 0) ला (1, 3) वर आणि (0, 1) ला (2, 1) वर नेणाऱ्या रूपांतरणाचा निश्चयक 1×1 − 2×3 = −5 येतो; म्हणजे एकक चौरसाचा 5 क्षेत्रफळाचा समांतरभुज चौकोन होतो आणि घड्याळाच्या उलट क्रमाने घेतलेले कोपरे घड्याळाच्या क्रमाने येतात, हे आलेखकागदावर मुलांना पटते.

अडचण पुढे आहे. प्रत्येक सदिश उलटा करणाऱ्या रूपांतरणाचा निश्चयक प्रतलात +1 असतो, कारण तो निव्वळ अर्धा फेरा आहे. अवकाशात मात्र तो −1 होतो, घनफळ तेवढेच राहूनही. दोन अक्षांचे उलटणे अर्ध्या फेऱ्यात जिरते आणि तिसरा आरशासारखा उलटतो, हे मी सांगतो. हातमोज्याखेरीज हातात धरून दाखवता येईल असा नमुना कोणी सुचवू शकेल का?