स्क्रीनटोनला मराठीत काय म्हणायचं? जाळी, बिंदुपट की नुसता टोन?

ओवी
चित्रकलेच्या एका शिबिरासाठी इंग्रजी टिपण मराठीत करतेय. विषय असा की स्वतः काढलेल्या फोटोवरून जपानी मांगा चित्रकथेसारखं पान कसं करायचं. गाडी 'स्क्रीनटोन'वर, म्हणजे ठिपक्यांनी दाखवलेल्या छायेवर, अडली. मी 'जाळी' लिहिलं होतं, ते शिबिर घेणाऱ्या सरांनी खोडलं. त्यांचं म्हणणं, जाळी म्हणजे पेनाने उभ्या-आडव्या रेघा मारून केलेली छाया, आणि मुलं नेमकी तीच करत बसतील. पण आमच्या घरी पेपरातल्या फोटोच्या ठिपक्यांना जाळीच म्हणायचे! शिवाय 'स्पीड लाइन्स'ना मी 'गतिरेषा' केलंय. ते तरी चालेल ना?

सरळव्याकरण
'बिंदुपट' लिहा. अर्थ लगेच कळतो आणि समासही शुद्ध आहे. 'गतिरेषा' मात्र नको, 'वेगरेषा' हवं. गती बैलगाडीलाही असते, वेग नसतो. आणि 'टोन' ज्यांना फार प्रिय आहे त्यांच्या माहितीसाठी, तो आपल्या 'तान'वरूनच ग्रीकांनी नेलेला आहे.

जुनाखिळा
नेला वगैरे काही नाही हो. ताणणे या अर्थाचं मूळ दोन्हीकडे एकच, म्हणून तान आणि टोन चुलत भावंडं. कोणी कोणाकडून उचललेलं नाही.

ओवीताई, आम्ही छापखान्यातली माणसं. आमच्याकडे दोन प्रकारचे ब्लॉक यायचे. रेघांचं चित्र असेल तर लाइन ब्लॉक, फोटो असेल तर हाफटोन ब्लॉक. हाफटोनला 'किती स्क्रीन?' हा पहिला प्रश्न. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला ६५, गुळगुळीत आर्ट पेपरला १३३. म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या तेवढ्या ओळी. खरबरीत कागदावर शाई पसरते, तिथे बारीक स्क्रीन दिली की ठिपके एकमेकांना चिकटून नुसता चिखल होतो. जाळी हा शब्द गिऱ्हाइकांचा, कारागिराच्या तोंडी 'स्क्रीन'च असायचा. तुमचा स्क्रीनटोन म्हणजे हाफटोनच. तोच शब्द ठेवा.

फ्लेक्सवाला
माझा अनुभव सांगतो. पुतणीच्या वाढदिवसाला तिचा फोटो असाच ठिपक्या-ठिपक्यांचा करून फ्लेक्स छापून घेतला. मोबाइलवर झकास दिसत होता. फ्लेक्सवर तिच्या गालावर चौकडीच्या लुंगीसारखं डिझाइन आलं. फ्लेक्स छापणारा म्हणाला फाइल खराब, मी म्हणालो मशीन खराब. याला मराठीत काय म्हणतात तेही सांगा.

निशिकासाईकर
तोक्योत राहतो, हौशी मांगा काढणाऱ्यांच्या एका गटात रविवारी बसतो, म्हणून लिहितो.

जुनाखिळा काका, तुमची स्क्रीनची गोष्ट शंभर टक्के बरोबर, पण हाफटोन आणि स्क्रीनटोन एक नाहीत. सगळा घोळ इथेच होतो. हाफटोनमध्ये फोटो जसा आहे तसा जाळीतून जातो. जिथे गडद तिथे ठिपका मोठा, जिथे उजळ तिथे बारीक, आणि गालावरची प्रत्येक चढउतार ठिपक्यांत उतरते. स्क्रीनटोन मुळात एक पारदर्शक, मागून चिकट असलेला कागद. त्यावर सगळे ठिपके एकाच मापाचे छापलेले. चित्रकार तो हवा तिथे ठेवतो, कटरने कडेकडेने कापतो, उरलेला सोलून टाकतो आणि बाकीचा घासून बसवतो. हल्ली बहुतेक जण हे कॉम्प्युटरवरच करतात, पण काम तेच. गडद होत जाणारे टोनही मिळतात, तरी बहुतेक काम सपाट टोनचंच. म्हणून फोटोवर नुसता हाफटोनचा फिल्टर मारला तर तो जुन्या पेपरातला फोटो दिसतो, मांगा दिसत नाही.

खरं काम त्याआधीचं असतं. कुठे पूर्ण काळं, कुठे पूर्ण पांढरं आणि कुठे टोन, हे ठरवायचं. मासिकाला शाई एकच, राखाडी शाई नसते. म्हणून दर तुकड्याला एकच उत्तर द्यावं लागतं.

गेल्या महिन्यातलं उदाहरण देतो. निशि-कासाई स्टेशनजवळ मेट्रो पुलावरून जाते. पुलाखालून सायकल मारत येणाऱ्या मुलाचा फोटो होता. निळं गडद स्वेटर, लाल सायकल, मागे पुलाची सावली. आधी फोटो राखाडी केला आणि थ्रेशोल्ड लावला, म्हणजे एका पातळीच्या खालचं सगळं काळं, वरचं पांढरं. लाल आणि निळं राखाडीत जवळपास सारखेच गडद, त्यामुळे स्वेटर आणि सायकल एकजीव झाली, मागचं चाक सावलीत बुडालं आणि चेहऱ्याचा अर्धा भाग गेला. पातळी खाली आणली तर चेहरा परत आला, पण पुलाची सावलीच गायब. एकाच आकड्याने दोन्ही मिळत नाही, हे तिथे कळतं.

मग थ्रेशोल्ड फक्त रेघा शोधायला ठेवला आणि ठरवाठरवी हाताने केली. केस, टायर आणि पुलाची सावली काळी. चेहरा पूर्ण पांढरा, नाकाखाली छोटी सावली सोडली तर. स्वेटर ३० टक्के टोन. सायकल लाल आहे हे विसरून गेलो, ती पांढरी ठेवून बाहेरून रेघ दिली, म्हणजे काळ्या सावलीवर उठून दिसते. टायर मात्र सावलीत हरवत होता, त्याच्या कडेने पांढऱ्या शाईची केसाएवढी रेघ सोडली. फोटोत तिथे उजेड नव्हता. पण फोटोत काय होतं यापेक्षा वाचकाला चाक दिसायला हवं.

ओवी
हे सगळं टिपणात घालावंसं वाटतंय! पण मग शब्द? आणि जपानीत काय म्हणतात?

निशिकासाईकर
जपानी लोक सरळ 'तोऽन' म्हणतात, इंग्रजीतून घेतलेला. टोन चिकटवण्याला 'तोऽन-हारी'. पण पूर्ण काळ्या भरावाला त्यांचा स्वतःचा 'बेता'.

सरळव्याकरण
जपान्यांनी उसनं घेतलं म्हणून आपणही घ्यायचं? त्यांनी बेता तर घडवला ना! तसा बिंदुपट आपण घडवू.

जुनाखिळा
बेता घडवला नाही, कामगारांच्या तोंडी बसला असणार. असे शब्द समितीत बसून येत नाहीत. आमच्याकडे त्याला 'सॉलिड' म्हणायचे. 'इथे सॉलिड मार' म्हटलं की पोरगा समजायचा. बिंदुपट म्हटलं असतं तर चहा आणायला गेला असता.

हाफटोनबद्दलचं मान्य. ठिपका एकाच मापाचा हे लक्षात आलं नव्हतं. आमच्या जाहिरातवाल्यांकडे चिकटवायचे असे कागद असायचे, लेट्राटोन. तेच दिसतंय हे.

निशिकासाईकर
हो काका, तेच घराणं. आमच्याकडे पाकिटावर '६० लाइन १० टक्के' असं लिहिलेलं असतं. तुमच्या ६५ च्या स्क्रीनचाच शेजारी, कारण मांगा मासिकांचा कागदही खरबरीतच.

फ्लेक्सवाले भाऊ, तुमची लुंगी याच्याशीच बांधलेली आहे. त्याला मोआरे म्हणतात, लहरीदार रेशमाचं फ्रेंच नाव. ठिपके काढून झाल्यावर चित्र लहानमोठं केलं की ते होतं. ६० लाइनचा टोन ६०० डीपीआयवर काढला तर एका ठिपक्याच्या घराला बरोबर १० पिक्सेल मिळतात. बी५ पानाची १८२ मिमी रुंदी म्हणजे साधारण ४३०० पिक्सेल. तेच मोबाइलसाठी पाऊण कमी करून १०७५ वर आणलं की घराला अडीच पिक्सेल. अर्धा पिक्सेल काढता येत नाही, म्हणून काही ठिपके दोनचे, काही तीनचे, आणि त्या फरकाची चौकडी दिसते. ओळखायची खूण सोपी आहे. स्क्रीनवर झूम करताना नक्षी बदलत असेल तर ती चित्रात नाही, दाखवण्यात आहे, १०० टक्क्यांवर बघा. तिथेही असेल तर फाइलमध्येच बसली. उपाय एकच, राखाडी चित्र जपून ठेवायचं आणि शेवटच्या मापाला आणल्यावरच टोन लावायचा. टोनवर टोन चढवतानाही हेच होतं.

फ्लेक्सवाला
म्हणजे मशीन बरोबर होतं? असो. आमच्या गल्लीत मोरे नावाचे दोन फ्लेक्सवाले आहेत, त्यातला एकच लहरी आहे.

ओवी
😄 आता गतिरेषा की वेगरेषा तेवढं सांगा.

निशिकासाईकर
दोन्ही अपुरे, कारण रेघा दोन जातींच्या. वस्तू पळतेय तेव्हा मागे समांतर रेघा येतात, त्यांना 'र्यूसेन', वाहत्या रेघा. दुसऱ्या जातीच्या रेघा सगळ्या बाजूंनी एका बिंदूकडे धावतात, त्या 'शूचूसेन'. मुलगा जागेवर उभा राहून नुसता दचकला तरी याच. तिथे गती कुठे आणि वेग कुठे? नजर ओढायचं काम आहे ते.

सायकलच्या फोटोत मी समांतर घेतल्या. फोटोतला अर्धा पूल आणि दुकानांच्या पाट्या खोडून त्या जागी मारल्या, दोन्ही एकत्र ठेवलं की गोंधळ होतो. रेघ एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती. सारख्या अंतरावर मारल्या तर शटर लावलेलं दुकान दिसतं, म्हणून तीन-चार जवळ, मग मोकळी जागा, मग पुन्हा झुबका. आणि मुलाच्या अंगावरून एकही जाऊ द्यायची नाही.

सरळव्याकरण
मग पहिल्या 'वेगरेषा' आणि दुसऱ्या 'वेधरेषा'. वेध घेतात म्हणून.

जुनाखिळा
वेधरेषा आवडला बुवा. कबूल करताना त्रास होतोय.

ओवी
मला पण! एक शंका. आमची मुलं मराठी पान डावीकडून वाचणार. फोटोतला मुलगा डावीकडे जातोय. तो उलटा करू का?

निशिकासाईकर
जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे डावीकडे जाणारी सायकल वाचकाच्या नजरेबरोबर पळते. तुमच्या पानावर ती नजरेला आडवी येईल, वेग कमी वाटेल. पण उलटा केलात तर पाट्यांवरची अक्षरं उलटी होतील आणि सायकलची चेन डाव्या बाजूला जाईल. पाट्या मी खोडल्याच होत्या. चेनचं तुम्ही बघा.

फ्लेक्सवाला
चेन कोण बघतंय.

जुनाखिळा
सायकलवाला बघतो.

ओवी
सरांना विचारते. तोवर टिपणात 'टोन' ठेवलाय आणि पहिल्यांदा आला तिथे 'ठिपक्यांचा चिकटकागद' असं लिहिलंय. पुढचं वाक्य 'स्वेटरवर टोन चिकटवला' असं आहे.

सरळव्याकरण
चिकटव*ला*? 'छटा' या अर्थाने येतो तर 'टोन चिकटवली' हवं.

जुनाखिळा
आमच्याकडे 'स्क्रीन लावली' म्हणायचे, पण 'टोन लागला'. कारण विचारू नका.

निशिकासाईकर
आमच्या गटातली नागपूरची मुलगी 'टोन लावलं' म्हणते.