राउटर फॅक्टरी रिसेट केलाय का कधी? काय गेलं, काय वाचलं, अनुभव लिहा

घरचीकटकट: मीच सुरुवात करते. आमचं फायबरचं नेट दर तासाला पाच मिनिटं जायचं, मग भाऊ म्हणाला रिसेट मार, म्हणून मी मागच्या भोकात टाचणी घालून दाबून धरलं, सगळे दिवे एकदम विझले आणि परत लागले. मग वायफायचं आमचं नाव गायब, पासवर्ड चालेना, आणि खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकून जोडलं तरी नेट नाहीच. दोन दिवस मुलांची शाळा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. तुमच्याकडे काय झालं?

तारवाला: मी लोकल केबलवाल्याकडे फायबर जोडायचं काम करतो ताई, महिन्याला अशा पाचसहा तरी कंप्लेंट येतात. नेट का नाही आलं सांगतो. बऱ्याच कनेक्शनमध्ये राउटरच्या आत WAN नावाच्या पानावर कंपनीने दिलेलं PPPoE युजरनेम, पासवर्ड आणि VLAN चा नंबर भरलेला असतो, रिसेटने वायफायच्या नावाबरोबर तेही पुसलं जातं. काही कंपन्यांच्या डब्यात ते लांबून आपोआप परत भरलं जातं, तिथे काही कळत पण नाही. तुमच्यात तसं नसणार.

पुणेरी_काका: रिबूट आणि रिसेट यात लोक घोळ घालतात. बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं हा रिबूट, त्यात काही जात नाही. आधी ते करायला काय हरकत होती? आणि रिसेट केला की जुनं फर्मवेअर परत येतं, हा फायदाच आहे.

तारवाला: काका पहिलं बरोबर, दुसरं नाही. सेटिंग मूळची होतात, फर्मवेअर अपडेट झालं असेल तर ते तसंच राहतं. म्हणून अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर रिसेटने कधी सुटतो, कधी नाही.

साधाभोळा: मी मोबाईल रिसेट केला होता, लग्नाचे फोटो गेले. बॅकअप गूगलला होता असं वाटलेलं पण तो फक्त कॉन्टॅक्टचा निघाला.

घरचीकटकट: अरेरे. पण धागा राउटरचा आहे हो 🙂

डीव्हीआरवाली: माझं सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं. सेक्रेटरींनी ॲडमिन पासवर्ड विसरला म्हणून रिसेट केला, ते काम झालं, पण डीव्हीआरसाठी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि त्याला दिलेला ठरलेला आयपी दोन्ही गेलं, बाहेरून कॅमेरे दिसेनात आणि चार दिवस कुणाला पत्ताच नाही! तेव्हापासून मी आधी कॉम्प्युटरवरून `192.168.1.1` उघडते (सगळीकडे हाच नसतो, स्टिकरवर बघा), WAN, वायफाय, पोर्टवालं, एकेका पानाचा मोबाईलने फोटो काढते. वहीत लिहिण्यात अंक चुकतात.

पुणेरी_काका: एवढा उद्योग कशाला, Backup नावाचा पर्याय असतो, फाईल डाउनलोड करा आणि नवीन राउटरला पण तीच द्या.

तारवाला: नवीनला नाही हो, फाईल बहुतेक त्याच मॉडेलला चालते. शिवाय बिघाड सेटिंगमध्येच असेल तर फाईल परत भरली की बिघाडही परत आला. म्हणून त्रासासाठी रिसेट करताय तर फोटो बघून हातानेच भरायचं, फाईल ठेवायची पण ती काहीच जमलं नाही तर. आणि फोटोत PPPoE चा पासवर्ड नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे रिसेटच्या *आधी* कस्टमर केअरला फोन करून तो मागून घ्या. आणि LOS चा दिवा लाल असेल तर टाचणी लावूच नका, तेव्हा फायबरमधून उजेडच पोचत नसतो, वायर कुठेतरी वाकली किंवा तुटली असते. तुमचा लाल व्हायचा का?

घरचीकटकट: हो की! नेट जायचं तेव्हाच लाल व्हायचा, मला वाटलं गरम होतोय. आज माणूस आला, कपाटाच्या मागे वायर दबलेली होती, बदलली, युजरनेम पासवर्डही त्यानेच भरला. मी वायफायला जुनंच नाव नि जुनाच पासवर्ड दिला, टीव्ही आणि मोबाईल आपोआप जोडले गेले. बेलचा कॅमेरा मात्र अजून जोडत नाहीये.

डीव्हीआरवाली: आधी तुमची 2.4 आणि 5 ची नावं वेगळी होती का? रिसेटनंतर काही राउटर दोन्हीचं एकच नाव करतात, जुने कॅमेरे फक्त 2.4 वर चालतात.

घरचीकटकट: वेगळी होती का ते आठवेना, फोटो कुठे काढला होता मी. संध्याकाळी दोन नावं करून बघते.